पावती वाचा: हातातून दिरहम किती गेले, खात्यात रुपये किती पडले

आखातात नव्याने कामाला लागलेला माणूस पहिला पगार गावी पाठवतो आणि पावतीचा फोटो घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. घरचे त्यातला रुपयांचा आकडा बघतात, पाठवणारा फीचा. भावाकडे मात्र दोघांचंही लक्ष नसतं. तो काउंटरच्या फळ्यावर ‘आजचा भाव’ म्हणून लिहिलेलाच असतो, त्यात आपण काय बघायचं, असं वाटतं. पण पैसे जास्त कापले जातात ते बहुतेक वेळा त्या भावातच.

हा लेख पुसद, दिग्रस, मूर्तिजापूर, चिखली अशा भागांतून दुबई-शारजाकडे गेलेल्यांसाठी आहे, आणि गावी त्यांचं पासबुक सांभाळणाऱ्यांसाठीही. उदाहरण दिरहमचं घेतलं आहे. सौदी आणि कतारचं जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगितलं आहे.

पहिली पायरी: पावतीवरचे आकडे ओळखणं

एक्स्चेंजच्या पावतीवर नावं, नंबर, शिक्के यांची गर्दी असते. हिशेबाला त्यातले सहाच आकडे लागतात: तुम्ही एकूण दिलेली रक्कम, फी, फीवरचा व्हॅट, प्रत्यक्ष पाठवलेले दिरहम, भाव आणि मिळणारे रुपये.

फी ‘चार्जेस’ किंवा ‘कमिशन’ या नावाने छापलेली असते. तिच्याखाली व्हॅट येतो. अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे आणि तो फीवर लागतो, पाठवलेल्या रकमेवर नाही. फी २० दिरहम असेल तर व्हॅट १ दिरहम. कुणी ‘१,५०० दिरहमवर व्हॅट पडला’ म्हणत असेल तर पावती पुन्हा बघायला सांगा. सौदीत व्हॅट १५ टक्के आहे, पण तोही फीवरच.

‘एलसी अमाऊंट’ आणि ‘एफसी अमाऊंट’ या दोन ओळी गावाकडच्या माणसाला हमखास चकवतात. पावती तिकडे छापलेली असते, म्हणून ‘लोकल’ म्हणजे दिरहम आणि ‘फॉरेन’ म्हणजे आपले रुपये. एफसीसमोर मोठा आकडा दिसला की तो रुपयांचा समजा.

भावाची ओळ नीट बघावी लागते, कारण तो दोन तऱ्हांनी छापतात. काही ठिकाणी सरळ लिहितात: १ दिरहम म्हणजे २३.८८ रुपये. काही ठिकाणी उलटा असतो: १ रुपया म्हणजे ०.०४१८७६ दिरहम, किंवा हजार रुपयांना ४१.८८ दिरहम. दोन्हींचा अर्थ एकच. पण सरळ भावात आकडा जितका मोठा तितकं आपल्याला बरं आणि उलट्या भावात जितका लहान तितकं बरं. एका पावतीवर ०.०४१८७६ आणि दुसरीवर ०.०४२५१७ दिसलं, तर मोठ्या आकड्याला भुलू नका, पहिलीच चांगली आहे.

यावर माझी सवय सांगतो. छापील भावावर मी विसंबत नाही. कॅल्क्युलेटर काढायचा आणि मिळणाऱ्या रुपयांना पाठवलेल्या दिरहमने भागायचं. उत्तर येतं तो खरा भाव. छापील भाव सरळ असो की उलटा, भागाकार एकच राहतो.

दुसरी पायरी: बाजारातला मधला भाव काढणं

काउंटरचा भाव चांगला की वाईट हे ठरवायला एक माप लागतं. ते म्हणजे बँका आपसात ज्या भावाने व्यवहार करतात तो मधला भाव. त्या भावात आपल्याला कुणीच पैसे देत नाही, पण आपल्याला मिळालेला भाव त्यापासून किती लांब आहे हे मोजता येतं.

दिरहमच्या बाबतीत हे सोपं आहे. अमिरातीने १९९७ पासून डॉलरचा भाव ३.६७२५ दिरहमवर बांधून ठेवला आहे. म्हणजे दिरहमचा रुपयातला भाव वेगळा शोधायची गरज नाही. त्या दिवशी डॉलर किती रुपयांचा आहे ते बघा आणि ३.६७२५ ने भागा. डॉलरचा संदर्भ दर फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामाच्या दर दिवशी दुपारी जाहीर करते. पूर्वी हे काम रिझर्व्ह बँक करायची. वर्तमानपत्रातला आदल्या दिवशीचा डॉलरचा भावही अंदाजाला पुरतो.

समजा डॉलर ८८.१४ रुपये आहे. हा आकडा गणित सोपं जावं म्हणून घेतला आहे, आजचा भाव नव्हे. ८८.१४ ला ३.६७२५ ने भागलं की २४.०० येतात. म्हणजे त्या दिवशी एका दिरहमचा मधला भाव २४ रुपये.

सौदीसाठी ३.७५ ने भागा, कतारसाठी ३.६४ ने, कारण तेही डॉलरला बांधलेले आहेत. कुवेतला ही युक्ती चालत नाही. तिथला दिनार एकट्या डॉलरला नव्हे, अनेक चलनांच्या मिळून केलेल्या मापाला बांधला आहे, त्यामुळे त्याचा भाव वेगळा बघावा लागतो.

मधला भाव आणि पावतीवरचा भाव यांच्यातला फरक म्हणजे मार्जिन. ते पावतीवर कुठेच छापलेलं नसतं. एक्स्चेंज किंवा अ‍ॅप त्यावर कमावतं आणि त्यात गैर काही नाही, त्यांचा धंदा तोच आहे. फक्त ते किती कमावतात हे आपल्याला कळलं पाहिजे.

तिसरी पायरी: दोन पावत्या शेजारी ठेवणं

शारजात वेल्डरचं काम करणारा एक भाऊ दर महिन्याला १,५०० दिरहम गावी पाठवतो, असं धरू. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. राहण्याच्या जागेजवळचं एक्स्चेंज २० दिरहम फी घेतं आणि २३.८८ चा भाव देतं. फोनवरचं एक अ‍ॅप ‘शून्य शुल्क’ असं ठळक लिहितं आणि २३.५२ चा भाव देतं. डॉलर ८८.१४, म्हणजे मधला भाव २४.

एक्स्चेंजमध्ये खिशातले १,५०० काउंटरवर ठेवले की त्यातून २० फी आणि १ व्हॅट जाऊन १,४७९ उरतात. त्यांना २३.८८ ने गुणलं की ३५,३१८ रुपये ५२ पैसे होतात.

अ‍ॅपमध्ये काहीच कापलं जात नाही. १,५०० गुणिले २३.५२ म्हणजे ३५,२८० रुपये.

फी घेणाऱ्याने ३८ रुपये ५२ पैसे जास्त दिले. रक्कम लहान आहे आणि त्यासाठी उन्हात दोन स्टॉप चालत जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ‘शून्य शुल्क’ म्हणजे ‘फुकट’ नव्हे, एवढं या दोन आकड्यांवरून दिसतं.

आता कोणी किती घेतलं ते बघू. मधल्या भावाने १,५०० दिरहमचे ३६,००० रुपये झाले असते. एक्स्चेंजवाल्याकडे ६८१ रुपये ४८ पैसे कमी पडले. त्यातले २१ दिरहम फी आणि व्हॅट, म्हणजे ५०४ रुपये. उरलेले १७७ रुपये ४८ पैसे भावात गेले, दर दिरहममागे १२ पैसे. अ‍ॅपकडे पूर्ण ७२० रुपये भावातच गेले, दर दिरहममागे ४८ पैसे. पावतीवर मात्र पहिल्याकडे २१ दिरहम खर्च दिसतो आणि दुसऱ्याकडे शून्य.

आपल्याकडचा शेतकरी हे गणित दारात आलेल्या व्यापाऱ्याकडून चांगलं ओळखून आहे. खेडा खरेदीवाला म्हणतो, हमाली नाही, तोलाई नाही, गाडीभाडं नाही. आणि कापसाचा भाव क्विंटलमागे बाजार समितीपेक्षा खाली धरतो. तिथे आपण ‘हातात किती पडले’ तेच विचारतो. पावतीलाही तेच विचारा.

त्यासाठी एक आकडा पुरेसा आहे: खात्यात जमा झालेल्या रुपयांना खिशातून गेलेल्या एकूण दिरहमने भागा. पाठवलेल्या दिरहमने नाही, एकूण दिलेल्या दिरहमने, फी आणि व्हॅट धरून. एक्स्चेंजचं उत्तर २३.५५ येतं, अ‍ॅपचं २३.५२. फी आणि मार्जिन दोन्ही त्या एका आकड्यात येतात. कोणत्याही दोन पावत्या, कोणत्याही नावाच्या, या आकड्यावर शेजारी ठेवता येतात. अट एकच, दोन्ही पावत्या एकाच दिवसाच्या, शक्यतो एकाच तासाच्या हव्यात. मंगळवारची पावती शनिवारच्या पावतीशी लावली तर तुम्ही कंपन्यांची नव्हे, रुपयाच्या चढउताराची तुलना करता. वेगवेगळ्या दिवसांच्या पावत्या लावायच्याच असतील तर प्रत्येकीचा त्या त्या दिवसाच्या मधल्या भावाशी फरक काढा आणि टक्के लावा. वर एक्स्चेंजचा फरक १.८९ टक्के आहे, अ‍ॅपचा बरोबर २ टक्के.

हे टक्के जास्त की कमी याला एक खूण आहे. पैसे पाठवायचा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांमध्ये ठरलं आहे. अमिरात ते भारत हा मोठ्या वर्दळीचा रस्ता आहे, तिथे तेवढं मिळायलाच पाहिजे. ३ च्या वर गेलात तर दुसरा काउंटर बघा.

रक्कम बदलली की निकाल उलटतो

नवख्यांना इथे कुणी सांगत नाही. वरच्याच दोन ठिकाणांहून १,५०० ऐवजी ५०० दिरहम पाठवून बघा. एक्स्चेंजमध्ये २१ जाऊन ४७९ उरतात आणि गावी ११,४३८ रुपये ५२ पैसे मिळतात. अ‍ॅपवरून ११,७६०. आता अ‍ॅप ३२१ रुपयांनी पुढे. ३,००० दिरहम पाठवले तर एक्स्चेंजमधून ७१,१३८ रुपये ५२ पैसे आणि अ‍ॅपमधून ७०,५६०, म्हणजे एक्स्चेंज ५७८ रुपयांनी पुढे.

फी ठरलेली असते. लहान रकमेवर ती जड पडते, मोठ्या रकमेत विरून जाते. मार्जिन मात्र रकमेबरोबर वाढत जातं. या उदाहरणात १,४०० दिरहमच्या आसपास दोघं बरोबरीत येतात. त्याखाली शून्य फी बरी, त्यावर फी देऊन चांगला भाव घेतलेला बरा. तुमच्या काउंटरचे आकडे वेगळे असतील, पण बरोबरीची रक्कम काढायची रीत हीच: फी आणि व्हॅटच्या दिरहमना चांगल्या भावाने गुणा, आणि आलेल्या उत्तराला दोन भावांतल्या फरकाने भागा. इथे २१ गुणिले २३.८८ म्हणजे ५०१.४८. त्याला ०.३६ ने भागलं की १,३९३.

म्हणून महिन्यातून तीनदा ५००-५०० पाठवणाऱ्याला फीवालं काउंटर परवडत नाही. तीन वेळची मिळून ६३ दिरहम फी होते. घरी दर आठवड्याला खर्चाला पैसे लागत असतील तर एकदाच पाठवून घरच्यांनी खात्यातून लागतील तसे काढलेले स्वस्त पडतात.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. अ‍ॅपवर पहिल्या व्यवहाराला जो भाव दिसतो तो बरेचदा फक्त नव्या गिऱ्हाइकासाठी असतो. तुलना दुसऱ्या व्यवहारापासून करा. आणि शनिवार-रविवारी चलनबाजार बंद असतो. सोमवारी रुपया कुठे उघडेल याचा भरवसा नसल्याने काउंटरवाले आपली बाजू राखून भाव जरा खाली धरतात. घाई नसेल तर कामाच्या दिवशी पाठवा.

पावतीवर रुपयेच नसतील तर

आतापर्यंतच्या दोन्ही पावत्यांवर रुपयांचा आकडा पक्का होता, कारण दिरहमचे रुपये तिकडेच झाले. आखातातल्या एक्स्चेंजची भारतातल्या एखाद्या बँकेत रुपयांची खाती असतात. पैसे त्या खात्यातून निघून तुमच्या गावच्या शाखेत जातात. त्यामुळे पावतीवर ३५,३१८.५२ असेल तर पासबुकातही ३५,३१८.५२ आले पाहिजेत. एक रुपयाही कमी येण्याचं कारण नाही.

तिकडच्या पगाराच्या बँकेतून थेट भारतातल्या खात्यात ट्रान्सफर केली तर प्रकार वेगळा असतो. पावतीवर दिरहम किंवा डॉलर दिसतात, रुपयांच्या जागी काहीच नसतं किंवा ‘अंदाजे’ असं लिहिलेलं असतं. रुपये भारतातल्या बँकेत होतात, तिच्या त्या दिवशीच्या भावाने. आणि वाटेत तीन हात लागतात.

पुन्हा १,५०० दिरहम घेऊ. पाठवणाऱ्या बँकेने फी आणि व्हॅट मिळून ४२ घेतले आणि उरलेल्या १,४५८ चे आपल्या भावाने ३९५ डॉलर केले. मधल्या बँकेने वाटेत १० डॉलर कापले. भारतातल्या बँकेने ३८५ डॉलर ८७.४० च्या भावाने घेतले, म्हणजे ३३,६४९ रुपये. इथे आपला जीएसटी येतो. चलन बदलून देण्यावर तो लागतो आणि त्याचा हिशेब असा: १ लाखापर्यंतच्या रकमेचा १ टक्का, कमीत कमी २५० रुपये, ही सेवेची किंमत धरायची आणि तिच्यावर १८ टक्के. ३३,६४९ चा १ टक्का ३३६.४९, त्याचे १८ टक्के ६० रुपये ५७ पैसे. पंचवीस हजारांपर्यंत हा कर सरसकट ४५ रुपये पडतो. खात्यात राहिले ३३,५८८ रुपये ४३ पैसे, दर दिरहमला २२.३९. छत्तीस हजारांमधून २,४११ रुपये गेले, पावणेसात टक्के.

त्या पावतीवर ‘ओयूआर’, ‘एसएचए’, ‘बीईएन’ यांपैकी एक अक्षरगट असतो. पहिल्यात वाटेतला खर्च पाठवणारा आधीच भरतो. दुसऱ्यात दोघांत वाटला जातो. तिसऱ्यात सगळा घेणाऱ्याच्या रकमेतून जातो. फॉर्म भरताना कुणी विचारलं नाही तर बहुधा दुसरा पडतो, आणि मग मधल्या बँकेने किती कापलं ते पाठवणाऱ्याच्या पावतीवर दिसत नाही. ते गावच्या शाखेतून परदेशी जमेचा सूचना-कागद मागितला की कळतं. त्यावर किती डॉलर आले, कोणता भाव लागला, किती कर कापला हे तिन्ही असतं. मागितल्याशिवाय तो सहसा देत नाहीत.

मजुरीचे महिन्याचे पैसे पाठवायला ही वाट माझ्या मते कामाची नाही. जमिनीच्या व्यवहारासारखी मोठी रक्कम असेल तर फी विरून जाते, तेव्हा विचार करता येतो.

रोख घेण्याची वाटही आहे. घरच्यांना नंबर सांगायचा आणि त्यांनी तालुक्याच्या ठिकाणी एजंटाकडून पैसे घ्यायचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमात अशा एका व्यवहाराला २,५०० डॉलरची मर्यादा आहे, एका घेणाऱ्याला वर्षात ३० व्यवहार चालतात आणि ५० हजारांपर्यंतच रोख मिळते, वरची रक्कम खात्यात किंवा चेकने घ्यावी लागते. एजंटाने देताना वर काही मागितलं तर द्यायचं नाही. पावतीवर छापलेली रक्कम पूर्ण मोजून घ्यायची.

चौथी पायरी: पासबुकाशी ताळा

खरी भांडणं इथे होतात. पोरगा म्हणतो ३५,३१८ पाठवले, माय म्हणते खात्यात एवढे नाहीतच. “पैसे कमी काहून आले?” असा फोन जातो, आणि दोघंही एक्स्चेंजला नाहीतर एकमेकांना दोष देतात.

पहिलं काम म्हणजे शिल्लक बघू नका, नोंद बघा. शाखेत जाऊन पासबुक भरून घ्या आणि त्या तारखेची जमेची ओळ शोधा. एनईएफटीने आलेली असेल तर तिथे एक्स्चेंजचं नाव नसूही शकतं, त्याच्या भारतातल्या बँकेचं असतं. त्यामुळे ‘आपले पैसे आलेच नाहीत’ असं वाटतं. रक्कम पैशांपर्यंत जुळवा. ३५,३१८.५२ मधले ते ५२ पैसे ओळखायला फार कामाचे असतात.

जमेची ओळ पावतीशी जुळली तर पाठवणाऱ्याची आणि एक्स्चेंजची बाजू संपली. आता खालच्या ओळी वाचा. आलेल्या एनईएफटीवर घेणाऱ्याकडून बँक काही घेऊ शकत नाही. जे कापलं ते दुसऱ्याच कारणाने कापलं आहे. मे महिन्याच्या शेवटी ४३६ आणि २० रुपये गेलेले दिसले तर ते प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा विम्याचे वार्षिक हप्ते आहेत. पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी पाठवलेल्या पैशातून ४५६ रुपये ‘गायब’ होतात ते बहुधा असे. बाकी किमान शिल्लक न ठेवल्याचा आकार, एसएमएसचा आकार, एटीएम कार्डाचे वार्षिक पैसे. खातं बरेच दिवस रिकामं असेल तर हे थकलेले आकार पहिली मोठी रक्कम आली की एकदम वसूल होतात.

पीककर्जाच्या खात्याबद्दल जपून. वडिलांचं पीककर्जाचं खातं आणि बचत खातं एकाच शाखेत असतं आणि घाईत पोराला कर्जखात्याचा नंबर कळवला जातो. तिथे जमा झालेली रक्कम कर्जात वळती होते. ती चोरीला गेलेली नसते, तुमचं देणं तेवढं कमी झालेलं असतं. पण किराण्याला आणि शाळेच्या फीला हातात काही राहत नाही. नंबर पाठवण्याआधी पासबुकाच्या पहिल्या पानावर ‘बचत’ लिहिलेलं आहे का ते बघा.

जनधनच्या वेळी अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेलं ‘छोटं खातं’ असेल तर त्यात परदेशातून पैसे जमा होऊ शकत नाहीत, जोवर ओळखीची कागदपत्रं देऊन पूर्ण केवायसी होत नाही. पावती बरोबर, भाव बरोबर, आणि आठवड्याने पैसे परत. परत जाताना फी सहसा मिळत नाही, आणि दुसऱ्या भावाने परत येतील ते वेगळंच. पोरगा विमानात बसण्याआधी घरच्या खात्याचं केवायसी करून घेतलेलं बरं.

आयएफएससीबद्दलही एक. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. त्याआधीचं पासबुक असेल तर त्यावर छापलेला कोड तसाच कळवू नका. शाखेत विचारून आता चालू असलेला घ्या. बँक विलीन झालेल्या कुठल्याही खात्याला हेच लागू.

पैसे अडकले तर

पावतीवरचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. पाठवणाऱ्याने एक्स्चेंजकडून ‘यूटीआर’ मागायचा. भारतातल्या बँकेने पैसे पुढे सोडले की हा क्रमांक तयार होतो. तो मिळाला नाही, तर पैसे अजून तिकडेच आहेत, गावच्या शाखेत हेलपाटे घालून उपयोग नाही. मिळाला, तर तो कागदावर लिहून शाखेत द्या. मॅनेजर त्यावरून दोन मिनिटांत सांगू शकतो की पैसे आले, थांबले की परत गेले. ‘शारजाहून पैसे आले का बघा’ असं विचारलं तर तो काहीच शोधू शकत नाही.

शाखेने दाद दिली नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर माहितीही मिळते. मात्र तिकडच्या एक्स्चेंजने भाव कमी दिला ही तक्रार इथला लोकपाल घेत नाही. पावतीवर छापलेला भाव सही करून मान्य केला की त्याबद्दल दाद मिळणं अवघड असतं. म्हणून भागाकार सहीच्या आधी करायचा. काउंटरवर रक्कम सांगा आणि ‘सगळं धरून गावी किती रुपये मिळतील’ एवढं विचारा. आकडा फोनमध्ये टिपा, शेजारच्या काउंटरवर तेच विचारा, मग पैसे मोजा.

भाव दोन्हीकडून चांगला म्हणून हुंडीवाल्याकडे वळणारेही आहेत. तो परकीय चलनाच्या कायद्याबाहेरचा व्यवहार आहे, आणि पावती नसते. त्याने गावी खात्यात टाकलेले पैसे कुणाच्या तरी फसवणुकीचे निघाले तर सायबर पोलीस घरच्यांचं खातं गोठवतात, आणि पैसे कुठून आले हे दाखवायला तुमच्याकडे एक कागदही नसतो.